तीन सिग्माच्या पलीकडे किती?

आजचा भाग एका आकड्यावर आहे, आणि त्या आकड्याने माझी एक अख्खी रात्र खाल्लीय.

तर झालं असं. आमच्या सिस्टिममध्ये कामांची एक रांग होती. दिवसाला साधारण २०,००० कामं यायची. प्रत्येक काम सुरू होण्याआधी सरासरी १० सेकंद थांबायचं, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं प्रमाण विचलन, तेही १० सेकंदच. मी अलार्म लावला ४० सेकंदांवर. सरासरी अधिक तीन सिग्मा. बी.टेक.ला घोकलेलं डोक्यात होतं: एका सिग्माच्या आत ६८ टक्के, दोनच्या आत ९५, तीनच्या आत ९९.७. बाहेर उरले ०.३ टक्के, त्यातले वरच्या बाजूला निम्मे. म्हणजे दिवसाला तीसेक अलार्म. चालतंय की!

आले साडेतीनशेच्या वर. फोन रात्रभर थरथरत होता.

सिस्टिम बिघडली नव्हती. चूक माझ्या गृहीतकाची होती, आणि ते गृहीतक कुठून आलं हे शोधायला गेलो तर थेट १७३३ सालात पोचलो.

अब्राहम द मुआव्र हा फ्रान्समधून धार्मिक छळामुळे पळून लंडनला आलेला गणिती. शिकवण्या करायचा, कॉफी हाउसमध्ये बसून जुगाऱ्यांना सल्ले द्यायचा. त्याने नाणेफेकीचा हिशोब मांडला. ३६०० वेळा नाणं उडवलं तर छापा साधारण १८०० वेळा येणार, पण नेमका १८०० क्वचितच. मग किती इकडेतिकडे? द मुआव्रचं उत्तर होतं की १७७० ते १८३० च्या मध्ये येण्याची शक्यता सुमारे ०.६८. आजच्या भाषेत इथे स्टँडर्ड डेव्हिएशन ३० आहे. आपल्या ‘६८ टक्के’चा उगम हा!

आता हे नीट बघा. नाणेफेकीत ३६०० छोट्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टींची बेरीज होते, म्हणून तो घंटेसारखा आकार येतो. ६८-९५-९९.७ हा नियम त्या आकाराचा आहे. माझ्या रांगेत एक काम अडकलं की मागची सगळी अडकतात. तिथे कसला आलाय घंटेचा आकार?

मग आकार माहीतच नसेल तर काय करायचं? नुसती सरासरी आणि सिग्मा हातात असताना काही खात्रीने म्हणता येतं का?

येतं. आणि ते आधी म्हणणारा माणूस प्राध्यापक नव्हता, फ्रान्सच्या अर्थखात्यातला अधिकारी होता. इरेने-ज्यूल बिएनेमे. १८५३ मध्ये त्याचा ओगुस्तँ कोशीशी वाद चालू होता, मोजमापातल्या चुका कमी करायची लाप्लासची पद्धत किती भरवशाची यावर. त्या वादातल्या एका लेखात त्याने ही असमानता सिद्ध केली, आणि कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १८६७ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या पाफनुती चेबिशेव्हने तीच गोष्ट स्वतंत्रपणे, अगदी स्वच्छ करून मांडली. गंमत म्हणजे त्याच वर्षी पॅरिसच्या एकाच जर्नलच्या एकाच खंडात बिएनेमेचा जुना लेख पुन्हा छापला गेला आणि चेबिशेव्हचा नवा लेखही आला. भांडण झालं नाही. दोघांची ओळख होती, बिएनेमेला रशियन येत होतं आणि त्याने चेबिशेव्हचं लेखन फ्रेंचमध्ये आणलंही होतं. चेबिशेव्हने पुढे बिएनेमेचं श्रेय मान्य केलं. तरी पुस्तकांत नाव राहिलं ते चेबिशेव्हचंच.

त्यांचं म्हणणं असं: सरासरीपासून k सिग्मा किंवा त्याहून लांब, जास्तीत जास्त `1/k²` इतकाच हिस्सा असू शकतो. आकार कुठलाही असो.

सिद्धता इतकी सोपी आहे की मला आधी वाटलं आपण काहीतरी विसरतोय. समजा १०० कामं आहेत आणि सिग्मा १० आहे. सिग्मा म्हणजे काय? प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर घ्या, वर्ग करा, त्या वर्गांची सरासरी काढा, मग वर्गमूळ. म्हणजे वर्गांची सरासरी १००, आणि शंभर जणांची मिळून बेरीज १०,०००. हे झालं बजेट. आता जो कोणी ३० किंवा जास्त लांब आहे, तो एकटाच किमान ९०० खातो. १०,००० मध्ये ९०० किती वेळा बसतात? ११ वेळा. बारावा बसवायला पैसेच नाहीत! झाली सिद्धता.

म्हणजे तीन सिग्माबाहेर घंटेचा नियम म्हणतो ०.३ टक्के, चेबिशेव्ह म्हणतो जास्तीत जास्त ११.१ टक्के. केवढा फरक! मला वाटलं, हा जरा जास्तच घाबरट आहे, याला थोडं आवळता येईल. नाही येत. १८ आकडे घ्या: सोळा वेळा ५०, एकदा २०, एकदा ८०. सरासरी ५०, सिग्मा १० (करून बघा). अठरापैकी दोन बरोबर तीन सिग्मावर बसलेत, म्हणजे ११.१ टक्के. आकाराबद्दल काहीच माहीत नसताना याहून चांगली मर्यादा कोणी देऊच शकत नाही.

आता मोठा घोळ. १९ ऑक्टोबर १९८७, न्यूयॉर्क. डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला. रोजच्या चढउताराचा सिग्मा ढोबळमानाने एक टक्का धरा, म्हणजे वीस सिग्माच्याही पलीकडची घटना. घंटेच्या आकारात वीस सिग्मा खाली जाण्याची शक्यता लिहायची तर दशांश चिन्हानंतर आधी ८८ शून्यं काढावी लागतात. विश्वाचं वय दिवसांत मोजलं तरी तो आकडा १३ अंकीच आहे. चेबिशेव्ह काय म्हणतो? वीसचा वर्ग ४००, म्हणजे लांबच्या हिशोबात ४०० दिवसांत जास्तीत जास्त एक दिवस. त्याने सोमवारचा इशारा दिला नव्हता. पण मंगळवारी सकाळी दोघांपैकी खोटा ठरला तो दुसराच.

चेबिशेव्हलाही एक अट लागते: सिग्मा मुळात अस्तित्वात हवा. १८५३ च्या त्याच वादात कोशीने असा आकार दाखवला होता ज्यात कितीही मोजमापांची सरासरी घ्या, ती एका मोजमापाइतकीच बेभरवशाची राहते. त्यात सिग्मा अनंत. बिएनेमेचं उत्तर साधारण असं, की असल्या चुका करणारं यंत्र कुठला साधा कारागीर विकायला तरी ठेवेल का! मला ते वाचून हसू आलं, कारण तसली यंत्रं आम्ही रोज लाइव्ह करतो. शिवाय प्रत्यक्षात सिग्मा आपण शांत आठवड्यांच्या डेटावरून काढतो, आणि तो कमी निघाला असेल तर `1/k²` ही कामाचा नाही.

परत माझ्या रांगेकडे. खूण समोरच होती. सरासरी १०, सिग्मा १०. घंटेचा आकार खरा असता तर १६ टक्के कामं शून्य सेकंदांपेक्षा कमी थांबली असती, म्हणजे यायच्या आधीच सुरू झाली असती. आलेख काढला तर शून्यापाशी उंच आणि उजवीकडे लांब शेपटी. अशा आकारात, ज्याला घातांकी म्हणतात, ४० सेकंदांच्या पुढे १.८ टक्के कामं पडतात. २०,००० चे १.८ टक्के काढा: ३६० च्या आसपास. माझे अलार्म!

मग चेबिशेव्हवर अलार्म लावला का? नाही हो. ११ टक्के म्हणजे २,२०० ची मुभा, त्यात खरा बिघाड आरामात लपून बसेल. मी महिन्याभराच्या नोंदी क्रमाने लावल्या आणि हजारातली सर्वांत हळू दोन कामं कुठे सुरू होतात ते बघितलं. साधारण ६२ सेकंद निघाले. अलार्म तिथे हलवला. आता दिवसाला चाळीसेक येतात, आणि रात्री फोन पालथा ठेवून झोपतो.