उन्हाळी वेळ व रात्रपाळीचे वेतन
दुसऱ्या महायुद्धात भारतातील घड्याळे १९४५ पर्यंत काही काळ एक तास पुढे होती. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ती आजही दरवर्षी मार्चमध्ये पुढे व नोव्हेंबरमध्ये मागे करतात. हा बदल रविवारी पहाटे २ वाजता होतो. त्यामुळे रात्री ११ ते सकाळी ७ ही पाळी मार्चमध्ये प्रत्यक्षात सात, तर नोव्हेंबरमध्ये नऊ तासांची भरते. तेथील १९३८ च्या श्रमविषयक कायद्यानुसार तासावारी वेतन प्रत्यक्ष कामाच्या तासांवर द्यावे लागते. न केलेल्या आठव्या तासाचे बंधन नसते. त्याच वेतन-आठवड्यात आठ तासांच्या आणखी चार पाळ्या झाल्यास नोव्हेंबरमध्ये ४१ तास होतात व चाळिसांवरील तासाला दीडपट वेतन मिळते. हजेरीच्या वेळांची नुसती वजाबाकी केल्यास हा तास हिशेबातून गळतो.