रेफरल (वैद्यकीय)

आपला रुग्ण सल्ल्यासाठी, तपासणीसाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवणे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांत एकाच आजाराचे अनेक कन्सल्टंट जवळजवळ बसतात. त्यांतला कोणता निवडायचा, हे रुग्ण बहुधा फॅमिली डॉक्टरलाच विचारतो.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी या व्यवहाराला साधी चौकट घातली : पाठवणाऱ्याने रुग्णाच्या आजाराचा सारांश द्यावा आणि तज्ज्ञाने आपले मत त्याला लेखी कळवावे. डॉक्टरा-डॉक्टरांतला विश्वास मुख्यतः या दोन कागदांवर उभा राहतो. दिवाळीच्या भेटींवर नव्हे.

समजा, घाटकोपरच्या फॅमिली डॉक्टरकडे मधुमेह असलेल्या ५८ वर्षांच्या बाई येतात. दोन वर्षांत त्यांचे क्रिएटिनिन ०.९ वरून १.६ वर गेले आहे. गुडघेदुखीसाठी त्या दुकानातून परस्पर डायक्लोफिनॅक आणून घेतात. 'किडनीसाठी पाहावे' एवढीच चिठ्ठी दिली, तर तज्ज्ञाला शून्यापासून सुरुवात करावी लागते आणि जुन्या तपासण्या पुन्हा होतात. चांगल्या चिठ्ठीत जुने रिपोर्ट तारखांसह असतात, सगळ्या गोळ्या असतात आणि नेमका प्रश्न असतो : हे मधुमेहामुळे की वेदनाशामकामुळे?

उत्तरही तितकेच नेमके हवे. वेदनाशामक बंद केले, लघवीतील अल्ब्युमिन तपासायला दिले, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा पाहावे, मधुमेहाचे उपचार तुमच्याकडेच चालू राहावेत, आकडा आणखी चढला तर लगेच पाठवावे. रुग्ण परत पाठवणे, आधीच्या उपचारांवर रुग्णासमोर ताशेरे न मारणे आणि हृदयतज्ज्ञाची गरज वाटली तर फॅमिली डॉक्टरला कळवूनच पुढे पाठवणे, यांतून तज्ज्ञाची पत वाढते. 'यात माझे काम नाही' असे लिहून रुग्ण परत धाडणाऱ्या तज्ज्ञावर तर विश्वास अधिकच बसतो.

या नात्याला लागलेली कीड म्हणजे 'कट'. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे, मागणे वा घेणे हे तिन्ही २००२ च्या नियमांनी निषिद्ध आहे. निदान केंद्रांकडून येणारे पैसेही त्यात आले. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना एका निदान केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला, तेव्हा २०१३ मध्ये त्यांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. २०१७ मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कटविरोधी कायद्याचा मसुदा तयार करवला. तो कायदा काही झाला नाही.

कट ओळखणे रुग्णाला सोपे नाही, कारण तो बिलात दिसत नाही. तरी एकाच केंद्राचा अट्टहास, दुसरीकडचा चांगला रिपोर्ट कारण न सांगता नाकारणे आणि चिठ्ठीवर आजाराबद्दल अक्षरही नसणे, या खुणा संशयाला पुरेशा आहेत, पुराव्याला नव्हेत.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे आचारनियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. त्यामुळे २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले.