उजव्या अंगठ्याची अडचण

सोफ्यावर शेजारी बसून दोघांनी एकाच पडद्यावर, एकाच बाजूनं खेळायचे व्हिडिओ गेम हा या पुस्तकाचा विषय. दोघंही मोठी माणसं, पण आजवर एकत्र कधी खेळलेली नाहीत. तर पहिला खेळ कुठला निवडावा?

बहुतेक जण ‘इट टेक्स टू’चं नाव घेतात. २०२१ साली आलेला हा खेळ दोघांशिवाय सुरूच होत नाही. एका भागात एकाकडे खिळे असतात, दुसऱ्याकडे हातोडा. पहिल्यानं भिंतीत खिळा मारला की दुसऱ्यानं त्या खिळ्याला हातोडा अडकवून झोका घ्यायचा. खेळ झकास आहे, तरी पहिल्या संध्याकाळी मी तो लावत नाही. डाव्या अंगठ्यानं चालायचं आणि त्याच वेळी उजव्यानं कॅमेरा फिरवायचा, हे गेम खेळणाऱ्याच्या हातात इतकं मुरलेलं असतं की ते शिकावं लागतं हेच तो विसरतो. माझ्या वहिनीचं पात्र पहिली दहा मिनिटं छताकडे बघत भिंतीला धडका देत होतं. असं दिसलं की समजावं, खेळ चुकला; माणूस नव्हे.

म्हणून पहिली कसोटी: कॅमेरा स्थिर हवा. ‘ओव्हरकुक्ड’मध्ये (२०१६) तो स्थिर असतो, पण डोक्यावर घड्याळ असतं. तीन कांदे चिरून पातेल्यात टाकायचे, सूप वेळेत उतरवायचं. नाही तर आग लागते. घाईत जो सराईत तो हुकूम सोडू लागतो आणि दुसरा नुसता कांदे चिरत राहतो. म्हणून दुसरी कसोटी: विचार करायला उसंत हवी.

दोन्हींत बसणारा माझा आवडता खेळ म्हणजे निन्टेन्डो स्विचवरचा ‘स्निपरक्लिप्स’ (२०१७). स्विचचा छोटा जॉय-कॉन आडवा धरायचा. त्याला स्टिक एकच, त्यामुळे उजव्या अंगठ्याचा प्रश्नच मिटतो. पात्रं म्हणजे कागदाचे दोन चालते तुकडे, एका टोकाला गोल. एक दुसऱ्यावर चढला आणि बटण दाबलं की जेवढा भाग झाकला गेला तेवढा दुसऱ्याच्या अंगातून कातरला जातो.

समजा, चेंडू बास्केटमध्ये टाकायचा आहे. तो डोक्यावर घेतला तर घरंगळतो. मग एकानं आपलं गोल टोक दुसऱ्याच्या डोक्यावर आणून कातरायचं, की तिथे वाटीसारखा खळगा पडतो आणि चेंडू त्यात बसतो. खळगा वाकडा झाला? एक बटण दाबलं की अंग पुन्हा अखंड. इथे सराईताला एकट्यानं उरकता येत नाही, कारण स्वतःचं अंग स्वतःला कातरता येत नाही. त्याला विचारावंच लागतं: “जरा डावीकडे सरकतेस? अजून. हां, आता काप.”