बारवीच्या पाण्याखालची पेरणी

बदलापूरहून मुरबाडच्या वाटेने जाताना बारवी धरणाचे पाणी दिसते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेले हे धरण १९७२ साली उभे राहिले. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली, आणि कल्याण-डोंबिवलीपासून अंबरनाथ-उल्हासनगरपर्यंतचे कारखाने आणि नळ या पाण्यावर चालू लागले. धरणाचा इतिहास लिहिणे अवघड नाही, कारण त्याचे कागद आहेत. पाण्याखाली जी शेती गेली तिचा इतिहास मात्र सातबाराच्या उताऱ्यात क्षेत्र, आकार आणि पिकाच्या रकान्यात 'भात' एवढ्यावरच आटोपतो. म्हणूनच त्या खोऱ्यातील एका शेतकऱ्याची पिकांची वही वाचावयास मिळाली तेव्हा ती मी इतिहासाचे साधन म्हणूनच हाती घेतली. घरच्यांच्या इच्छेवरून त्यांचे व गावाचे नाव येथे देत नाही. पुढे मी त्यांना दादा म्हणेन, कारण त्यांचे नातूही त्यांना दादाच म्हणत.

वही लांबट, वाण्याच्या खतावणीसारखी. काही नोंदी टाकाने, काही पेन्सिलीने. दादांचे अक्षर बाळबोध असले तरी मोडीच्या सवयीने शब्द एकमेकांस चिकटलेले, आणि १ व ९ हे आकडे जुळ्या भावांसारखे. पेरणी, लावणी, पाऊस, कापणी, झोडणीचे भात, मध्येच बैलाच्या पत्रीचा खर्च, असे सारे ओळीने आलेले. यातून हंगामवार तक्ता करावयाचा होता. चौकटी आखण्याचे काम घटकाभराचे असते. कोणत्या चौकटीत काय घालावयाचे, हे ठरविण्यात मात्र महिने जातात.

पहिला प्रश्न तारखेचा. दादा तिथी लिहीत. शके १८८८ मधील एक नोंद अशी: "श्रावण शु. ५. म्हातारा, चौथा दिवस. लावणी उरकली." शके १८८८ म्हणजे इसवी सन १९६६-६७. त्या वर्षी श्रावण अधिक होता, म्हणजे श्रावण शुद्ध पंचमी दोनदा आली, एकदा जुलैच्या उत्तरार्धात आणि एकदा ऑगस्टच्या उत्तरार्धात. दादांनी अधिक की निज हे लिहिलेले नाही. लावणी एक महिना अलीकडे की पलीकडे, यावर त्या वर्षाचा सारा अर्थ अवलंबून, आणि तिथी येथे मुकी!

उत्तर त्याच ओळीत आहे. 'म्हातारा' हा कोणी आजारी गृहस्थ नव्हे. वही चाळणाऱ्या एका शहरी पाहुण्याने, घरात कोणी वारले होते काय, असे मला विचारले होते, आणि 'चौथा दिवस' वाचून तसे वाटणे स्वाभाविकही होते. आपल्याकडे पुनर्वसू नक्षत्राच्या पावसास तरणा आणि पुष्याच्या पावसास म्हातारा म्हणतात. ही नक्षत्रे सूर्याची असतात. सूर्य मृगात ७-८ जूनला येतो, पुनर्वसूत ५-६ जुलैला, पुष्यात १९-२० जुलैला आणि हस्तात २७ सप्टेंबरच्या सुमारास. अधिक मास आला म्हणून ती एक दिवसही हलत नाहीत. तेव्हा पुष्याचा चौथा दिवस म्हणजे २३ जुलैच्या आसपास, आणि पंचमी अधिक श्रावणातली. निज श्रावणातली पंचमी असती तर सूर्य मघा नक्षत्रात असता. अशा रीतीने मी साऱ्या वहीचा कणा नक्षत्रांवर उभा केला आणि तिथी केवळ पडताळ्यासाठी ठेवली. दोन्ही जुळल्या तर ती नोंद पक्की. जुळल्या नाहीत तर आधी १ व ९ पुन्हा पाहावयाचे.

वर्षाच्या बाबतीत दादांची पद्धत आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सोयीची निघाली. भात कापल्यावर खाचरातील ओलीवर वाल टाकतात, आणि ते फाल्गुनाच्या सुमारास निघतात. इंग्रजी वर्ष धरले तर एकाच शेताचे भात आणि वाल दोन वर्षांत तुटून पडतात. पाडव्याला सुरू होणाऱ्या शकात ते एकत्र राहतात. म्हणून तक्त्यात मी '१९६६' न लिहिता '१९६६-६७' लिहितो.

दुसरा प्रश्न पावसाचा. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. वहीत नक्षत्राच्या आरंभी "वाहन बेडूक", "वाहन कोल्हा" अशा नोंदी आहेत. त्या पडलेल्या पावसाच्या नव्हेत. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेले असते आणि त्यावरून पाऊस कसा पडेल याचा अंदाज बांधतात. दादांनी ते आधीच उतरवून ठेवले होते. शाई एक आणि खालची पावसाची नोंद निराळ्या शाईची, यावरून हे कळते. बेडूक पाहून 'भरपूर पाऊस' असा शेरा तक्त्यात घातला तर भाकिताचा इतिहास होईल.

प्रत्यक्ष पावसाचे शब्द वेगळे आहेत: "ओहोळ उतरू देईना", "बांध फुटले", "पागोळी तुटली नाही", "खाचर भेगाळले". यांचे मिलिमीटर करण्याचा मोह फार होतो. मी तो टाळला. तालुक्याचे पर्जन्यमापक मैलोगणती दूर, आणि डोंगराच्या कुशीतल्या खोऱ्यात एका धारेला पाऊस पडताना पलीकडची धार कोरडी असते. पर्जन्यमापकाचा आकडा मिळाला तर तो वेगळ्या रकान्यात घालावा. दादांचा शब्द त्यांच्याच रकान्यात, जसाच्या तसा राहावा. शिवाय तो शब्द पाऊस किती पडला हे सांगत नाही, खाचरात पाणी किती राहिले हे सांगतो. भाताला हवे असते ते तेच.

तिसरा प्रश्न मापाचा. दादा खंडी आणि मण लिहितात. हे मण वजनाचे नव्हेत, मापाचे: चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. चाळीस शेरांचा वजनी मण वाचकाच्या डोक्यात असतो, आणि त्याने हिशेब केला तर तो पार चुकतो. पायलीही गावोगाव निराळी. सुदैवाने एका वर्षी दादांनी लेव्हीसाठी भात घातले आणि लिहिले, "एक खंडी दिली, काट्यावर ५ क्विंटल २० किलो." खंडीत २४० पायल्या, म्हणजे त्या घरची पायली सुमारे २ किलो १७० ग्रॅम भाताची. हे भात, म्हणजे टरफलासकट. तांदूळ नव्हे. हा एक आकडा मिळाला म्हणून किलोचा रकाना भरता आला. तो मिळाला नसता तर मी खंडी-मणांवरच थांबलो असतो. तेवढ्यानेही वर्षावर्षांची तुलना होतेच, मापायची पायली तीच राहिली म्हणजे झाले.

आता चार हंगामांचा तुकडा पाहा. हे सारे ओढ्याकडच्या एकाच दीड एकराच्या खाचराचे आहे आणि भात गरवे आहे.

| हंगाम | पेरणी | लावणी उरकली | हस्ताचा पाऊस, वहीच्या शब्दांत | भात |
|---|---|---|---|---|
| १९६५-६६ | मृग, २ रा दिवस | पुनर्वसू, ४ था | हत्ती दोनदा गरजला | २ खंडी ८ मण |
| १९६६-६७ | मृग, ६ वा | पुष्य, ४ था | कोरडा, खाचर भेगाळले | १ खंडी ६ मण |
| १९६७-६८ | मृग, १ ला | पुनर्वसू, २ रा | दोन सरी, पुरे | २ खंडी ४ मण |
| १९६८-६९ | मृग, ३ रा | पुष्य, ६ वा | चांगला, पाणी बांधले | २ खंडी १ मण |

१९६६ चे पीक बुडाले, हे कोणासही दिसेल. कशाने बुडाले? वही त्या वर्षी आर्द्रा कोरड्या गेल्याचे सांगते. चिखल होईना, म्हणून रोप राबात अडकले आणि लावणीला उशीर झाला. रोप राबात तीन-साडेतीन आठवड्यांचे व्हावे आणि उचलावे. या वर्षी शेवटचे रोप उचलले तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते. असे रोप कमी फुटते. एवढे एकच वर्ष हाती असते तर सारा दोष मी उशिरा झालेल्या लावणीवर टाकला असता. पण १९६८ ची ओळ पाहा. लावणी त्याहूनही उशिरा, रोप पंचेचाळीस दिवसांचे, आणि तरीही दोन खंडी एक मण. फरक हस्ताचा आहे. गरव्या भाताला पेरणीपासून साधारण पाच महिने लागतात. तो हस्ताच्या सुमारास फुलतो आणि नंतर दाणा भरतो. त्याच वेळी खाचर भेगाळले तर लोंब्या पळंज राहतात. चांगल्या वर्षाच्या अठ्ठेचाळीस मणांवरून १९६८ मध्ये सात मण घटले, ते बहुधा उशिराचे. त्याखाली आणखी पंधरा मण १९६६ मध्ये गेले, ते बहुधा हस्ताचे. चार ओळींवर यापेक्षा ठाम बोलणे बरे नाही.

मात्र हाच हस्त दादांच्या दुसऱ्या शेतात उलटा वाचावा लागतो. वरच्या माळाकडे ते हळवे भात लावीत. ते तोवर पिकून कापणीला आलेले असे. १९६८ मध्ये, ज्या हस्ताने खालच्या खाचरात पाणी बांधले, त्यानेच वर "कापलेले भिजले, मोड आले" असे लिहावयास लावले. हंगामाला 'पाऊस चांगला' असा एकच शेरा मारणारा तक्ता या दोन शेतांपैकी एकाविषयी हमखास खोटे बोलेल. म्हणून मी ओळ हंगामाची न ठेवता हंगाम आणि शेत यांची ठेवली. सरकारची आणेवारी साऱ्या गावाला एकच आकडा देते. वसुलीसाठी तो पुरतो. एकाच घरात एकाच पावसाने एक शेत भरले आणि दुसरे कुजविले, हे तिला सांगता येत नाही.

रिकाम्या चौकटींचे काय करावयाचे, हे शेवटी ठरविले. काही वर्षी वालाचे माप लिहिलेले नाही. ते शून्य नव्हे. वाल घरच्या तोंडी बरेचसे ओले असतानाच संपतात, मग मोजणार कोण? अशा ठिकाणी मी 'नोंद नाही' असे लिहिले. पेरलेले गेले तेथे 'बुडाले'. पेरलेच नाही तेथे 'पेरले नाही'. तिन्ही गोष्टी वेगळ्या. त्या एका शून्यात कोंबल्या तर सरासरी खाली येते आणि शेतकरी होता त्याहून दरिद्री दिसतो.

वहीची शेवटची भरलेली ओळ १९७१-७२ ची आहे. गरवे भात झोडले, वाल टाकले. त्यानंतर फाल्गुनात, ज्या दिवसांत दरवर्षी "पातेरा आणला", "राब भाजला" असे येते, तेथे एवढेच: "राब भाजला नाही. यंदा येथे लावायचे नाही." शेण, फांद्या, पातेरा पसरून राब भाजणे ही या खोऱ्यातील भातशेतीची पहिली पायरी. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही तिचे वर्णन सापडते. तक्त्यात १९७२-७३ ची ओळ घालावी की नाही, यावर घरच्या मंडळींशी माझे बोलणे झाले. दादांच्या थोरल्या नातसुनेने विचारले, "भाऊ, पेरलंच नाही तर ओळ कशाला?" मी ओळ घातली. ओढ्याकडचे खाचर, दीड एकर. पेरणीच्या रकान्यात 'पेरले नाही', पावसाच्या रकान्यात काही नाही, आणि शेऱ्यात 'जमीन धरणात'.

वरच्या माळाच्या नावे मात्र तसा शेरा घालता आला नाही. ते शेत पहिल्या धरणात बुडाले नव्हते. त्यावर पुढे नाचणी होत राहिली, पण ती लिहून ठेवणारे कोणी उरले नव्हते. तेथे चौकटी रिकाम्या आहेत आणि त्यांवर मी 'नोंद नाही' असे लिहिले आहे.