डिस्कस अबाउट, रिप्लाय ऑन आणि डिफरंट दॅन

गोष्ट २००६ सालची. पुण्यात नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं आणि पहिलंच अप्रेझल होतं. मॅनेजरने माझीच एक मेल प्रिंट काढून समोर ठेवली. तीन ठिकाणी लाल पेनने गोल. मजकूर साधारण असा होता: 'प्लीज डिस्कस अबाउट द चेंज विथ क्लायंट अँड रिप्लाय ऑन धिस मेल. इट इज डिफरंट दॅन लास्ट रिलीज.' मग प्रश्न आला, "तू कुठल्या मिडियमचा रे?"

मी मोलगीचा. तेव्हा म्हणजे माझ्या शाळेच्या दिवसांत, अक्कलकुवा तालुका, जिल्हा धुळे (नंदुरबार वेगळा झाला १९९८ साली). घरी भिली, शाळेत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी. म्हणजे मराठीच मुळात माझी दुसरी भाषा! हे सगळं मी त्याला सांगितलं नाही. नुसतं "मराठी" म्हणालो. 'कम्युनिकेशन'च्या रकान्यात पाचापैकी दोन पडले आणि त्या वर्षी ऑनसाईटच्या यादीतून माझं नाव गेलं.

तेव्हापासून त्या तीन लाल गोलांचा किडा डोक्यात वळवळतोय. एवढ्या वर्षांत, शनिवार-रविवारी थोडं थोडं वाचून एक गोष्ट लक्षात आली. ते तीन गोल एका रंगाचे असले तरी तिन्ही चुकांची कुळकथा वेगळी आहे.

आधी आपल्याकडे इंग्रजी कसं शिकवलं गेलं ते पाहू. पुढे, वर, पेक्षा, विषयी यांना आपल्या व्याकरणात शब्दयोगी अव्यय म्हणतात. इंग्रजीतल्या प्रेपोझिशनलाही आपण तेच नाव दिलं. नाव एक झालं की माल एकच आहे असं वाटू लागतं. मग वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी: ऑन म्हणजे वर, अबाउट म्हणजे विषयी, दॅन म्हणजे पेक्षा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या, त्याही मराठी वाक्य घ्या आणि इंग्रजीत करा याच वाटेने. आमच्या सरांनीही मोलगीत फळ्यावर हाच तक्ता लिहिला होता. टेबलसमोरच्या पुस्तकासाठी तो छान चालतो. ऑफिसच्या मेलमध्ये घोटाळा करतो.

आता 'डिस्कस अबाउट'. मराठीत 'डिस्कस'ला आपण सहसा 'चर्चा करणे' म्हणतो. यात चर्चा हे नाम आहे आणि 'बदलाविषयी' हे त्या चर्चेला चिकटतं. इंग्रजी डिस्कस हे मात्र थेट कर्म घेणारं क्रियापद आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ हलवून वेगळं करणे. एखादी वस्तू हातात घेऊन झटकावी तसा विषय हातात घ्यायचा, मध्ये 'विषयी' लागतच नाही. नाम वापरलं की मात्र 'डिस्कशन अबाउट' बरोबर! म्हणजे आपण नामाचं शेपूट क्रियापदाला लावतो. 'एम्फसाइज ऑन' हीसुद्धा तीच भानगड: कशावर तरी जोर देणे.

इथपर्यंत मी खूश होतो. सगळा दोष मराठीचा, माझा नाही. पण मग व्हिएन्नाच्या बार्बरा सायडलहोफर या बाईंचं लेखन वाचनात आलं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही असे लोक आपापसांत इंग्रजी कसं बोलतात याचा त्या अभ्यास करतात. २००४ साली त्यांनी अशा बोलण्यात वारंवार दिसणाऱ्या गोष्टींची यादी दिली. त्यात अनावश्यक प्रेपोझिशन आहे, उदाहरण 'स्टडी अबाउट'. हे बोलणारे काही मराठी नव्हेत! म्हणजे इंग्रजीतच 'टॉक अबाउट', 'थिंक अबाउट' अशी रांग उभी आहे आणि शिकणारा माणूस डिस्कसलाही त्या रांगेत उभा करतो. मराठीने धक्का दिला असेल, पण उतार इंग्रजीचाच होता.

'रिप्लाय ऑन'चं तसं नाही. याचा विचार करताना मला एक जुनं अंतर्देशीय पत्र आठवलं. मी पुण्यात शिकत असताना मोलगीहून सरांनी लिहिलेलं. सुरुवात होती, 'तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला'. पत्राला, पत्रावर नाही! तक्त्यात 'ला' म्हणजे 'टू'. सरांचं वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं तर 'रिप्लाय टू' असं अगदी बिनचूक येतं. 'वर' कुठून आला? माझा अंदाज असा, की तो मेलबरोबर आला. पत्र ही वस्तू होती, मेल ही जागा झाली. 'मेलवर टाक', 'त्याच मेलवर रिप्लाय कर' असं आपण बोलू लागलो, हिंदीतलं 'इस मेल पर' जोडीला होतंच. म्हणजे इथे जुनं पुस्तकी मराठी नाही, आपलं ऑफिसातलं मराठी चुकवतंय.

आणि या चुकीला व्यवहारात किंमत आहे. 'रिप्लाय ऑन फोन' चालतं, कारण ते माध्यम. 'रिप्लाय ऑन फ्रायडे' चालतं, कारण तो वार. परदेशातला वाचक ऑन नंतर माध्यम किंवा वेळ शोधतो. एकदा मी 'प्लीज रिप्लाय ऑन फिफ्थ बिल्ड' लिहिलं. मला पाचव्या बिल्डबद्दल उत्तर हवं होतं. समोरचा पाचवं बिल्ड येईपर्यंत शांत बसला. दोन दिवस गेले.

राहिला तिसरा गोल. 'पेक्षा वेगळं' म्हणून 'डिफरंट दॅन', हे सरळ मराठीवरून आलंय यात शंका नाही. पण ती चूक आहे का? ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाने हे रूप वापरणाऱ्यांची यादी दिली आहे. त्यात अ‍ॅडिसन, डिफो, गोल्डस्मिथ, कोलरिज, कार्लाइल, थॅकरे अशी मंडळी आहेत! डिफर फ्रॉम म्हणतात म्हणून डिफरंट फ्रॉमच हवं, हा हट्ट व्याकरणवाल्यांचा. इंग्लंडात 'डिफरंट टू' सर्रास ऐकू येतं आणि अमेरिकेत 'दॅन'. पुढे अख्खं वाक्य असेल, जसं 'डिफरंट दॅन आय एक्स्पेक्टेड', तर दॅन सोयीचंही पडतं, कारण फ्रॉमला मध्ये एक 'व्हॉट' घालावा लागतो.

गंमत म्हणजे आपल्या चुकांची अशी शिकार फार जुनी आहे. मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या जी. सी. व्हिटवर्थ या साहेबाने १९०७ साली 'इंडियन इंग्लिश' नावाचं अख्खं पुस्तक काढलं, भारतीयांच्या लेखी इंग्रजीतल्या चुका तपासणारं. पण लाल पेन हातात आलं की सगळे गोल सारखेच दिसतात, ही खोड साहेबाची नव्हे, आपलीही आहे.

असो. त्या अप्रेझलनंतर साधारण वर्षाने त्याच प्रोजेक्टच्या अमेरिकन क्लायंटची मेल आली, 'धिस बिल्ड इज डिफरंट दॅन द लास्ट वन'. मॅनेजर सीसीमध्ये होता. मी ती मेल प्रिंट काढली, 'दॅन'भोवती लाल गोल केला आणि... ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. अजून आहे कुठेतरी.

आता ज्युनिअरांच्या मेल माझ्याकडे येतात. 'रिप्लाय ऑन' दिसलं की जागेवर जाऊन सांगतो. 'डिस्कस अबाउट' क्लायंटला जाणार असेल तरच काढतो. 'डिफरंट दॅन'ला हात लावत नाही, क्लायंट लंडनचा असला तर गोष्ट वेगळी. आणि मिडियम कुठलं ते विचारत नाही.