कुत्र्याची खाज : अन्नामुळे की हवेमुळे?

पंजे चाटणे, कान खाजवणे, काखा व पोट लालसर होणे ही लक्षणे अन्नाच्या अ‍ॅलर्जीत दिसतात, तशीच धूळ, परागकण किंवा धुळीतील सूक्ष्म कीटकांच्या अ‍ॅलर्जीतही दिसतात. नुसत्या त्वचेकडे पाहून पशुवैद्याला दोहोंतील फरक ओळखता येत नाही. अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी केल्या जाणाऱ्या रक्तचाचण्याही भरवशाच्या नाहीत. उरतो तो वर्ज्य आहाराचा प्रयोग, आणि त्याचा अर्थ लावतानाच बहुधा चूक होते.

हैदराबादेतील दोन वर्षांच्या लॅब्राडॉरचे उदाहरण घेऊ. त्याचा रोजचा आहार चिकन-भात आणि दही. जुलैत खाज वाढते. प्रथम पिसवांवर औषध दिले जाते आणि त्वचेवरील जिवाणू व यीस्टचा संसर्ग बरा केला जातो, कारण या दोहोंमुळेही खाज सुटते. तरीही दहापैकी आठ इतकी खाज उरते. मग सप्टेंबरच्या आरंभी त्याला केवळ मासा व रताळे सुरू होते, कारण मासा त्याने पूर्वी कधी खाल्लेला नाही. (गोव्यात हा पर्याय बहुधा निरुपयोगी ठरेल. जेवणातला मासा येथे कुत्र्याच्याही वाट्याला येतो. येथे डुकराचे मांस किंवा पशुवैद्याने सुचवलेला, प्रथिनांचे सूक्ष्म तुकडे केलेला तयार आहार घ्यावा लागेल.)

हा प्रयोग किमान आठ आठवडे चालतो. तेवढ्या काळात अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहांपैकी नऊहून अधिक कुत्र्यांत फरक दिसतो. मात्र मुलाने टेबलाखाली टाकलेले बिस्किट किंवा चिकनच्या स्वादाची जंताची गोळीही प्रयोग मोडू शकते. खाज शमवणारे औषध आरंभी चालते, पण अखेरचे काही आठवडे ते बंद हवे. अन्यथा श्रेय औषधाचे की आहाराचे, हे कळणार नाही.

नोव्हेंबरच्या आरंभी खाज तीनवर येते. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि तोच आहार कायम ठेवू पाहतात. पण एव्हाना पाऊसही ओसरलेला असतो, त्यामुळे सुधारणा ऋतुबदलाचीही असू शकते. म्हणून चिकन-भात व दही मुद्दाम पुन्हा सुरू करून दोन आठवडे पाहावे लागते. पाचव्या दिवशी खाज सातवर गेली आणि वर्ज्य आहार देताच पुन्हा उतरली, तर अन्नाची अ‍ॅलर्जी सिद्ध होते. दोन आठवड्यांत काहीच घडले नाही, तर अन्नाला दोष देता येत नाही. मग रोख पर्यावरणीय अ‍ॅलर्जीकडे वळतो. धूळ व परागकणांसाठीच्या त्वचाचाचण्या तेथेही निदान करीत नाहीत, त्या लसोपचारासाठी घटक निवडायला उपयोगी पडतात.

तिसरी शक्यताही असते. आहाराने खाज आठवरून पाचवर येते, चिकनने पुन्हा आठवर जाते. अशा कुत्र्याला दोन्ही अ‍ॅलर्जी असतात. चिकन वर्ज्य करूनही पुढच्या पावसाळ्यात त्याला औषध लागतेच.

अन्न दोषी ठरल्यावर चिकन आणि दही एकामागून एक, प्रत्येकी दोन आठवडे देऊन तपासतात. मासा व रताळे हा पूर्ण आहार नव्हे, त्यात कॅल्शियम कमी पडते. म्हणून पिल्लांत घरगुती प्रयोग पशुवैद्याला विचारूनच करावा.