कैद्यांचा पेच

खेळ सिद्धांतातील एक मूलभूत रचना. प्रत्येक पक्षाने केवळ स्वहित पाहून घेतलेला निर्णय अचूक असूनही उभयतांची स्थिती परस्पर संयमाने लाभली असती त्याहून निकृष्ट कशी होते, हे तीतून स्पष्ट होते. १९५० मध्ये अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमध्ये मेरिल फ्लड व मेल्विन ड्रेशर यांनी ती मांडली. त्याच वर्षी ॲल्बर्ट टकर यांनी तिला, स्वतंत्र कोठड्यांत ठेवलेल्या व कबुलीजबाब द्यावा की न द्यावा या विवंचनेत पडलेल्या दोन कैद्यांच्या कथेचे रूप दिले.

एका पेठेत शेजारी-शेजारी असलेली किराणा मालाची दोन दुकाने कल्पावीत. दोन्ही दुकानदार ४० रुपये किलोने घेतलेली साखर ४५ रुपयांनी विकतात. रोजचा एकूण खप १०० किलो असून तो निम्मा-निम्मा वाटला जात असल्याने प्रत्येकास २५० रुपये नफा होतो. एकाने दर ४३ रुपयांवर आणला, तर ९० किलो खप त्याच्याकडे वळून त्यास २७० रुपये मिळतात आणि शेजाऱ्यास अवघे ५०. दोघांनीही दर उतरविला, तर खप पुन्हा निम्मा होऊन प्रत्येकाच्या पदरी १५० रुपये पडतात. शेजाऱ्याने दर कायम ठेवला, तर उतरविणाऱ्यास २५० ऐवजी २७०, आणि त्याने उतरविला, तर ५० ऐवजी १५०. अर्थात शेजारी काहीही करो, दर उतरविणेच लाभाचे ठरते.

दोघांनीही दर उतरविलेली ही स्थिती म्हणजे जॉन नॅश यांनी १९५० मध्ये प्रतिपादिलेला समतोल होय. कारण तीतून एकट्याने माघार घेणाऱ्याचा नफा १५० वरून ५० वर येतो. समतोल म्हणजे उभयतांना सर्वोत्तम स्थिती, असा समज करून घेणे ही नेहमीची चूक होय. समतोल ओळखण्याची कसोटी एवढीच, की दुसऱ्याची चाल स्थिर असता एकट्याने चाल बदलून कोणासही लाभ होऊ नये.

पेच उद्भवतो तो आकड्यांच्या क्रमामुळे. दर उतरविणाऱ्याकडे ९० ऐवजी ७५ किलोच खप वळला, तर त्याचा नफा २२५ रुपये, म्हणजे २५० हून कमी होतो. तेव्हा दोघांनी दर राखणे हाही समतोल ठरतो व पेच उरत नाही.

मूळ पेच एकाच दिवसाचा मानला आहे. व्यवहार अनिश्चित काळ चालणार असेल आणि एकाने दर उतरविताच दुसराही तो कायमचा उतरविणार असेल, तर आजच्या २० रुपयांच्या अधिक लाभापुढे पुढील प्रत्येक दिवसाची १०० रुपयांची तूट उभी राहते आणि संयम टिकू शकतो. परंतु शेवटचा दिवस उभयतांस ठाऊक असल्यास त्या दिवशी दर राखण्याचे कारण नाहीसे होते, व तोच तर्क एकेक दिवस मागे सरकत पहिल्या दिवसापर्यंत पोहोचतो.

दुकानदारांचा हा पेच गिऱ्हाइकाच्या मात्र फायद्याचा असतो. म्हणूनच प्रतिस्पर्ध्यांनी आपसांत दर ठरविण्याच्या करारांस भारतात स्पर्धा अधिनियम, २००२ अन्वये मनाई आहे.